नातवंडांच्या नावे अटीची देणगी

(संस्थेच्या सभागृहात सभासद व विद्यार्थी यांच्यापुढे केलेले भाषण)



प्रथमच एक गोष्ट सांगून टाकतो. मी वकील नाही. कला शाखेचा पदवीधर आहे आणि गेली अनेक वर्षे बँकेत कारकुनी करतो. पण बँकेच्या काउंटरवर माणूस मेल्यानंतरचे कागद रोज येतात. मृत्यूचा दाखला येतो, पासबुक येते, मुदत ठेवीची पावती येते आणि कधी कधी मृत्युपत्रही येते. अशाच एका मृत्युपत्रामुळे मी हा कायदा वाचायला लागलो. आज तेवढ्याच एका मुद्द्यावर बोलणार आहे.

एक मुलगी आमच्याकडे आली. वय चोवीस, बी.एस्सी. झालेली. वडील ती लहान असतानाच गेलेले, आई शिवणकाम करणारी. आजोबा वर्षापूर्वी वारले होते. त्यांनी मृत्युपत्रात घर आणि बाकीची सगळी मिळकत काकांना दिली होती आणि नातीसाठी दोन लाख रुपये ठेवले होते. काकाच मृत्युपत्राचे व्यवस्थापक होते, म्हणजे ज्याला आपण एक्झिक्युटर म्हणतो ते. मुलीला एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला होता आणि फीसाठी पैसे हवे होते. काका म्हणत होते, "आजोबांनी पैसे लग्नासाठी ठेवलेत. लग्न ठरव, दुसऱ्या दिवशी देतो." मुलगी म्हणत होती, "मला एवढ्यात लग्नच करायचे नाही. मग ते पैसे माझे नाहीत का?"

काका वाईट माणूस नव्हते. त्यांना खरोखरच वाटत होते की आपण वडिलांचा शब्द पाळतो आहोत. आता या प्रश्नाचे उत्तर काय? बंधू-भगिनींनो, त्याचे उत्तर आजोबांच्या मनात नव्हे, तर त्यांनी कागदावर कोणते शब्द लिहिले त्यात आहे. त्या कागदावर काय लिहिले होते ते मी शेवटी सांगेन. आधी शब्दाशब्दांत फरक कसा पडतो ते पाहू.

आपल्याला कोणता कायदा लागू होतो? मृत्युपत्र न करता माणूस वारला तर हिंदू वारसा कायदा, १९५६ लागतो. त्याच्या कलम २ मध्ये बौद्ध, जैन व शीख यांचा स्पष्ट उल्लेख आहे. मृत्युपत्र केले असेल तर त्याचा अर्थ लावण्याचे नियम भारतीय वारसा कायदा, १९२५ यात आहेत. त्यातील कलम ५७ आणि तिसरे परिशिष्ट यांनी अटींच्या देणगीचे नियम बौद्धांच्या मृत्युपत्रांनाही लागू केले आहेत. आज मी जी कलमे सांगणार आहे, ती याच १९२५ च्या कायद्यातील आहेत.

आता मूळ मुद्दा. एखाद्या आजोबाने लिहिले, "माझ्या नातवास मी एक लाख रुपये देत आहे. ही रक्कम त्यास अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर अदा करावी." दुसऱ्या आजोबाने लिहिले, "माझा नातू अठरा वर्षांचा झाल्यास त्यास एक लाख रुपये द्यावेत." ऐकायला दोन्ही सारखेच वाटते. पण कायद्याच्या दृष्टीने ही दोन वेगळी देणी आहेत.

पहिल्या वाक्यात देणे आधीच झाले आहे, फक्त हातात पडणे पुढे ढकलले आहे. कलम ११९ सांगते की अशा देणगीवरचा हक्क मृत्युपत्र करणारा वारला त्याच दिवशी नातवाचा होतो. मृत्युपत्रातून वेगळा हेतू दिसत असेल तरच वेगळे. दुसऱ्या वाक्यात 'झाल्यास' हा शब्द आहे. तेथे देणेच अटीवर अवलंबून आहे. कलम १२० प्रमाणे अट पुरी होईपर्यंत तो पैसा नातवाचा होत नाही. तो फक्त आशेवर असतो.

हा फरक केव्हा कळतो? दुर्दैवाने नातू सोळाव्या वर्षी गेला तर कळतो. पहिल्या वाक्याखाली ते लाख रुपये नातवाची मिळकत ठरतात आणि त्याच्या वारसाला जातात. अविवाहित मुलाच्या बाबतीत हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई ही पहिल्या वर्गातील वारस आहे आणि वडील दुसऱ्या वर्गातील, म्हणून ती रक्कम आईला मिळते. दुसऱ्या वाक्याखाली आईला एक रुपयाही मिळत नाही. अट फसली, देणगी संपली, पैसा आजोबांच्या उरलेल्या मिळकतीत परत गेला. दोन वाक्यांत फरक केवढा, तर 'झाल्यावर अदा करावी' आणि 'झाल्यास द्यावेत' एवढा!

वयाच्या अटीला एक अपवाद आहे. रक्कम अमुक वयाला द्यावी असे लिहून, तोपर्यंतचे व्याज त्याच नातवाला द्यावे किंवा त्याच्यासाठी खर्च करावे, असेही लिहिले असेल, तर ती देणगी अटीची मानली जात नाही. व्याज आजपासून त्याच्यासाठी आहे, त्यावरून मुद्दलही त्याचेच, असा त्यामागचा विचार आहे.

लग्न आणि पदवी यांची गोष्ट वयापेक्षा अवघड आहे. जिवंत राहिला तर मुलगा अठरा वर्षांचा होणारच. पण लग्न होईलच असे नाही आणि पदवी मिळेलच असेही नाही. म्हणून "लग्न झाल्यास" किंवा "पदवी मिळाल्यास" असे लिहिले की ती सरळ सरळ अट होते. मुलीने लग्न केले नाही तर हक्क निर्माणच होत नाही.

पण लग्नाबद्दल लिहिण्याची आणखी एक तऱ्हा आहे आणि आपल्या घरांतून तीच जास्त आढळते. आजोबा लिहितात, "माझ्या नातीस तिच्या लग्नखर्चासाठी दोन लाख रुपये देत आहे." ही अट नव्हे, हा हेतू झाला. पैसा तिला दिला आणि तो कशासाठी वापरावा हे सांगितले. येथे कलम १३८ उपयोगी पडते. रक्कम एखाद्याला पूर्ण मालकीने दिली असेल आणि ती अमुक रीतीने वापरावी एवढीच सूचना जोडली असेल, तर ती सूचना लिहिलीच नव्हती असे समजून त्याला रक्कम घेता येते. कायद्यात उदाहरण दिले आहे ते असे: एखाद्याला घर घेण्यासाठी किंवा धंद्यात घालण्यासाठी रक्कम दिली आणि त्याने ती रोख मागितली, तर त्याला ती रोख मिळते. शिक्षणाच्या देणगीलाही हेच लागू. "नातवाच्या कॉलेजच्या शिक्षणासाठी" हा हेतू आहे आणि "नातू पदवीधर झाल्यास" ही अट आहे.

आता अट आहेच असे धरून पुढे जाऊ. ती कोठे फसते?

पहिली जागा म्हणजे मुदत. पुष्कळ मृत्युपत्रांत "पदवी मिळाल्यास" एवढेच असते, केव्हापर्यंत ते नसते. कलम १२४ सांगते की अनिश्चित घटनेवर देणगी ठेवली आणि घटनेला मुदत लिहिली नाही, तर रक्कम वाटपाला येण्यापूर्वी ती घटना घडलेली असली पाहिजे. मग आजोबा वारले त्या दिवशी नातू बारावीत असेल तर? उरलेल्या मिळकतीचा मालक म्हणेल, "वाटपाची वेळ आजोबांच्या मृत्यूबरोबर आली, तेव्हा पदवी नव्हती, देणगी संपली." नातू म्हणेल, "पदवी मिळेल तीच वाटपाची वेळ, असा आजोबांचा हेतू होता." दोघांनाही आपल्या बाजूने बोलणारा वकील मिळेल आणि एक लाखाच्या देणगीतले किती उरेल ते आपणच मोजा.

मुदत लिहिली तर हा वाद मिटतो, पण मग ती काटेकोर पाळावी लागते. कलम १३७ प्रमाणे मृत्युपत्रात सांगितलेले काम मुदतीच्या आतच झाले पाहिजे. कोणी लबाडी करून अडथळा आणला असेल तरच, त्या लबाडीमुळे जेवढा वेळ गेला तेवढा वाढवून मिळतो. आजारपण, विषय राहणे किंवा विद्यापीठाचा उशीर यांना त्या कलमात जागा नाही. समजा मृत्युपत्रात लिहिले आहे, "३० जूनपर्यंत पदवी मिळाल्यास". नातवाची शेवटची परीक्षा मे महिन्यात झाली, निकाल जुलैत लागला आणि पदवीचा कागद पुढच्या वर्षीच्या पदवीदान समारंभात मिळाला. पोरगा मे महिन्यातच सगळे पेपर नीट देऊन बसला आहे, पण ३० जूनला त्याच्या हातात दाखवायला काहीच नाही. म्हणून परीक्षा, निकाल की पदवीचा कागद, यातली कोणती तारीख धरायची ते लिहावेच लागते. तसेच पदवी म्हणजे काय तेही लिहावे. मुलगा पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून नोकरीला लागला, तर आजोबांना कदाचित आनंदच झाला असता. पण डिप्लोमा म्हणजे पदवी नव्हे.

दुसरी जागा म्हणजे संमतीची अट. "माझ्या मुलांच्या संमतीने लग्न केल्यास नातीला रक्कम द्यावी," असे लिहिणारे आजोबा आजही आहेत. येथे कायदा थोडा सैल आहे. कलम १२८ म्हणते की अशी अट मुख्यत्वे पुरी झाली तरी पुरे. कायद्यातील उदाहरण पाहण्यासारखे आहे. चौघांच्या संमतीची अट आहे. एकाने लेखी संमती दिली, दुसरा लग्नाला हजर राहिला, तिसऱ्याने आहेर पाठवला आणि चौथ्याला स्वतः जाऊन सांगितले तेव्हा त्याने हरकत घेतली नाही. चौघांचीही संमती मिळाली असे धरले जाते. संमती देणाऱ्यांपैकी एखादा आधीच वारला असेल, तर उरलेल्यांची संमती चालते. आधी बिनशर्त होकार देऊन नंतर लहरीने मागे घेतला, तरी पहिला होकार धरला जातो. पण दोन गोष्टी चालत नाहीत. तिघेही जिवंत असताना दोघांचीच संमती घेतली तर अट फसते. आणि आधी लग्न करून मागाहून संमती मिळवली तरीही फसते. आपल्याकडे रुसवा वर्षभराने जातो आणि बाळ झाले की सगळे भेटायला येतात. त्या भेटीने ही अट पुरी होत नाही. मात्र नातीचे लग्न आजोबांच्या हयातीतच झाले आणि त्यांनी स्वतः ते नंतर मान्य केले, तर तिची देणगी शाबूत राहते.

तिसरी जागा म्हणजे मुळातच अशक्य किंवा बेकायदा अट. येथे लोकांचा एक मोठा गैरसमज आहे. त्यांना वाटते की अट वाईट असेल तर अट गळेल आणि पैसा मिळेल. आधी पुरी करायच्या अटीच्या बाबतीत तसे होत नाही. कलम १२६ आणि १२७ प्रमाणे अट अशक्य, बेकायदा किंवा अनीतीची असेल, तर देणगीच रद्द होते. कायद्यात उदाहरण आहे की पुतणीने नवऱ्याला सोडले तर तिला पाच हजार रुपये. ती देणगी रद्द. तोच न्याय लावला तर "नातीचे लग्न सतराव्या वर्षी केल्यास" या देणगीचेही तेच होईल, कारण कायद्याने मुलीचे वय किमान अठरा लागते. याच्या उलट, देणगी आधी पूर्ण देऊन मागाहून "अमुक न केल्यास ती दुसऱ्याला जाईल" असे जोडले असेल आणि ते जोडलेले कलम रद्द ठरले, तर कलम १३३ प्रमाणे मूळ देणगी कायम राहते. पुन्हा तोच धडा: वाक्य कोठून सुरू केले यावर पैसा कोणाचा ते ठरते.

अट फसली की पैसा कोठे जातो? मृत्युपत्रात "तसे न झाल्यास अमुक व्यक्तीला" असे लिहिले असेल तर तिला. ते नसेल, पण "बाकीची सर्व मिळकत अमुक व्यक्तीला" असे असेल, तर तो पैसा त्या बाकीत मिसळतो. तेही नसेल, तर जणू त्या रकमेपुरते मृत्युपत्रच नव्हते असे समजून ती वारसांना जाते. आजोबांच्या मागे आजी, मुलगे, मुली आणि हयात असेल तर त्यांची आई, हे पहिले वारस. ज्या नातवाचे वडील (मुलीकडचा नातू असेल तर आई) हयात आहेत, तो नातू वारसांच्या यादीत येतच नाही. म्हणजे ज्याच्या शिक्षणासाठी ही सगळी खटपट केली, त्यालाच त्यातले काही मिळत नाही.

आता बँकेतल्या माणसाने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. पुष्कळजण म्हणतात, "मृत्युपत्र कशाला? ठेवीवर नातवाचे नाव नॉमिनी म्हणून टाकले आहे." नॉमिनेशनच्या फॉर्मवर अट लिहिता येत नाही. आणि नॉमिनी म्हणजे बँकेकडून पैसे घेणारा माणूस, मालक नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये बँकेच्या ठेवींबाबत हे स्पष्ट केले आहे. त्याने घेतलेला पैसा मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसाहक्काप्रमाणे ज्याचा असेल त्याला द्यावा लागतो. म्हणून नॉमिनी एक आणि मृत्युपत्रात दुसरा, असे करून ठेवले की भांडणाची पेरणी झाली.

मग अट घालायचीच असेल तर कशी लिहावी? मी एक नमुना वाचून दाखवतो. तो आपल्या वकिलाला दाखवून मगच वापरावा.

"माझा नातू अमुक हा दिनांक ३१ डिसेंबर २०३२ पर्यंत भारतातील कोणत्याही मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणत्याही शाखेची पदवी परीक्षा उत्तीर्ण झाल्यास त्यास रुपये एक लाख द्यावेत. निकाल जाहीर झाल्याची तारीख हीच उत्तीर्ण झाल्याची तारीख समजावी. तो माझ्या हयातीतच उत्तीर्ण झाल्यास अट पुरी झाली असे समजावे. तोपर्यंत ही रक्कम माझ्या एक्झिक्युटरने बँकेत मुदत ठेवीत ठेवावी. वरील तारखेपर्यंत तो कोणत्याही कारणाने उत्तीर्ण न झाल्यास ही रक्कम माझी नात अमुक हिला द्यावी. मुद्दल ज्याला मिळेल त्यालाच व्याजही मिळावे."

यात तीन प्रश्नांची उत्तरे आहेत. नेमके काय घडले पाहिजे? केव्हापर्यंत? आणि न घडल्यास कोणाला? चौथी गोष्ट व्याजाची. मुदत ठेव सहा-सात वर्षे राहिली तर व्याजाची रक्कमही भांडण्याइतकी होते. आणि तारीख ठरवताना नातवाच्या वयाचा हिशेब करून दोन-तीन वर्षे जास्त धरावीत. एखादा विषय राहिला, एखादे वर्ष आजारपणात गेले, तर त्यासाठी नातवाचा हक्क जाऊ नये.

अट घालायची नसेल, नुसती इच्छा सांगायची असेल, तर तसेच लिहावे. "ही रक्कम मी नातीस पूर्ण मालकीने देत आहे. ती तिने शिक्षणासाठी किंवा लग्नासाठी वापरावी अशी माझी इच्छा आहे, अट नाही." शेवटचे दोन शब्द पुष्कळ खर्च वाचवतात. शिवाय मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येते. नातीने शिक्षण पुढे चालू ठेवायचे ठरवले असे दिसले, तर आजोबांनी नवा कागद करावा. दहा वर्षांपूर्वीच्या कागदाला नात आठवीतच दिसत असते.

आता त्या मुलीकडे येतो. काकांनी मृत्युपत्राची झेरॉक्स काउंटरवर ठेवली होती. आम्ही बँकेने त्याचा निवाडा करायचा नसतो, म्हणून मी दोघांनाही एखाद्या वकिलाकडून ते वाचून घ्या असे सुचवले. कागदावर दोन वाक्ये होती. "माझी नात हिला मी रोख रुपये दोन लाख देत आहे. सदर रक्कम तिच्या लग्नकार्यी उपयोगात आणावी." 'झाल्यास' हा शब्द कोठेच नव्हता. वकिलांनी काकांना समजावले की पहिल्या वाक्याने पैसा मुलीचा झाला आहे आणि दुसरे वाक्य ही सूचना आहे. काकांनी ते ऐकले आणि रक्कम दिली. पंधरा दिवसांनी ती मुलगी फीचा डिमांड ड्राफ्ट काढायला आमच्याच काउंटरवर आली. सोबत काकाही होते.

आजोबांच्या त्या लेखनिकाने दुसऱ्या वाक्यात "लग्न झाल्यास" असे लिहिले असते, तर मनात तोच आजोबा, तीच नात आणि तेच प्रेम असूनही ती मुलगी त्या वर्षी कॉलेजात गेली नसती. विद्यार्थी मित्रांनो, आपल्या घरात आजी-आजोबा असा कागद करत असतील तर तो वाचून दाखवा, 'झाल्यास' कोठे आहे ते बोट ठेवून शोधा आणि तो शब्द त्यांना खरोखर हवा आहे का, असे विचारा.